माळटिटवीची पहिली सही

बुजरी मुलगी इंटरनेटवर स्वतःसाठी एक नाव तयार करते आणि हळूहळू त्या नावाजोगी होत जाते. या विषयावर कथा लिहावी असं आज अनेक नव्या लेखकांना वाटतं. वाटावं असाच तो विषय आहे, कारण आजच्या बहुतेक मुलांनी घरच्यांनी ठेवलेल्या नावाशिवाय आणखी एक तरी नाव स्वतः निवडलेलं असतं. अशा कथा फसतात त्या मात्र शेवटी नव्हे, पहिल्या पानावरच. फसलेली सुरुवात साधारण अशी असते:

"पूर्वा खूप लाजाळू होती. वर्गात ती कुणाशी बोलत नसे. पण रात्री मोबाईल हातात आला की ती phoenix_queen07 व्हायची, आणि मग तिला कुणाचीच भीती वाटत नसे."

तीन वाक्यं झाली आणि कथा संपली. पूर्वाला जिथे पोहोचायचं होतं तिथे ती तिसऱ्या वाक्यातच पोहोचली. नाव घेतलं की धीर आला, असा सरळ हिशेब लेखकाने मांडला. मग पुढच्या दहा पानांत मुलगी वाढणार कुठे? वाढायला नाव आणि मुलगी यांच्यात अंतर लागतं, आणि हे अंतर तयार करणं हेच सुरुवातीचं खरं काम आहे. मुलीने घेतलेलं नाव तिला मोठं व्हायला हवं. शिवाय त्या मोठेपणाचा दाब तिच्यावर दुसऱ्या कुणीतरी टाकायला हवा.

टोपणनावाने लिहिणं मराठीला नवं नाही. राम गणेश गडकऱ्यांनी कविता 'गोविंदाग्रज' या नावाने लिहिल्या, विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने केलं आणि नाटकं स्वतःच्या नावावर ठेवली. एकाच माणसाने तीन प्रकारच्या लेखनाला तीन नावं दिली आणि प्रत्येक नावाचा सूर सांभाळला. गोविंदाग्रजाकडून वाचकाची एक अपेक्षा होती, बाळकरामाकडून दुसरी. घेतलेलं नाव असं काम मागतं. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावं नात्यातून आलेली आहेत, कुणाचा तरी मुलगा किंवा कुणाचा तरी थोरला भाऊ अशी. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र नाव घेताना नेमकं नातंच बाजूला ठेवायचं असतं. म्हणून तिच्या नावामागे घर उभं नसतं आणि ते नाव तिला एकटीलाच निभवावं लागतं.

तेव्हा पहिला प्रश्न असा की हे नाव ती कुठे घेते. 'ऑनलाइन' एवढं म्हणून भागत नाही. जिथे फोटो टाकायचे असतात तिथे नाव फोटोखाली दबून जातं आणि कथा चेहऱ्याची होते. खेळाच्या सर्व्हरवर नाव जिंकण्या-हरण्याला चिकटतं, कथेला वेग येतो, पण 'हळूहळू' हा शब्द निसटतो. सावकाश वाढीची कथा लिहायची तर जागा अशी हवी जिथे चेहरा नाही, आवाज नाही, आणि केलेल्या प्रत्येक लहान कामापुढे नाव कायमचं नोंदलं जातं. अशी एक जागा मराठीत आहे, तिच्यावर कथा फारशा लिहिल्या जात नाहीत, म्हणून इथे तीच घेऊ: मराठी विकिपीडिया.

2003 च्या 1 मे रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात कुणीही लेख लिहू किंवा सुधारू शकतो. खातं उघडायला फोटो लागत नाही, वय विचारत नाहीत, ईमेलही ऐच्छिक आहे. सदस्यनाव देवनागरीत घेता येतं. प्रत्येक लेखाला 'इतिहास' असतो. त्यात कोणत्या नावाने, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदललं हे उघड दिसतं. एक स्वल्पविराम घातला तरी तो तुमच्या नावावर राहतो. लेखांवर बोलण्यासाठी चर्चापानं असतात. तिथे मजकुराच्या शेवटी ~~~~ अशी चार चिन्हं टाकली की त्या जागी तुमचं नाव आणि वेळ आपोआप उमटते. ही तुमची सही. तुम्ही स्वतःचं सदस्यपान लिहिलेलं नसेल तर त्या सहीतलं नाव लाल दिसतं, लिहिलं की निळं होतं. कथाकाराला एवढं सामान पुष्कळ आहे. नाव, नोंद, सही, लाल आणि निळा रंग हे सगळं तिथे आधीच आहे, रूपक बनवत बसावं लागत नाही.

आता सुरुवात पुन्हा लिहून पाहू. काळ 2018 चा मे महिना. पूर्वा बार्शीची, दहावीची परीक्षा देऊन नान्नजला मामाकडे आलेली. नान्नज म्हणजे सोलापूर-बार्शी वाटेवरचं, माळढोक अभयारण्यासाठी ओळखलं जाणारं गाव.

"निकालाला अजून पंधरा दिवस होते. पूर्वा मामाच्या जुन्या कॉम्प्युटरवर टिटवीचा लेख वाचत होती. टिटवी पाण्याच्या आसपास राहते, असं लेखात होतं. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. माळावर मार्चपासून पाण्याचा थेंब नव्हता, तरी टिटव्या होत्या. काल आजोबांनी दाखवलेल्या घरट्यात चार अंडी होती आणि आजोबांनी काठीचं टोक नेऊन दाखवलं नसतं तर तिचा पाय त्यांच्यावरच पडला असता.

तिने 'संपादन' दाबलं आणि एक वाक्य लिहिलं: टिटवी कोरड्या माळावरही राहते. जतन करण्याआधी सूचना आली. खातं उघडलं नाही तर तिचा आयपी पत्ता सगळ्यांना दिसणार होता. पूर्वाने दाराकडे पाहिलं. मामी अंगणात कुरडया वाळत घालत होती. पत्ता सगळ्यांना दिसणार. उद्या कुणी माणूस दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ते वाक्य कुणी लिहिलं?"

इथे 'लाजाळू' हा शब्द नाही आणि त्याची गरजही पडत नाही. आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता नव्हे हे वाचकाला ठाऊक असतं, पूर्वाला नसतं. तिची भीती त्या गैरसमजातून दिसते. त्या वेळी खात्याशिवाय केलेल्या बदलापुढे खरोखरच आयपी क्रमांक दिसत असे, म्हणून हा प्रसंग 2018 मध्ये बसतो. लाजाळूपणा सांगायचा नसतो हे सगळ्यांना माहीत आहे; अवघड असतं ते त्याला नेमकं कारण शोधून देणं. पूर्वा माणसांना सरसकट घाबरत नाही. आपण बोललेल्याचा जाब कुणी विचारेल याला ती घाबरते. हे एकदा ठरलं की कथेत पुढे काय व्हायला हवं तेही ठरतं: कुणीतरी जाब विचारायला हवा.

त्याआधी नाव.

"तिने 'पूर्वा' टाइप केलं आणि पुसलं. मग 'टिटवी'. हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं. कुणी घेतलं असेल, असा विचार करत ती थोडा वेळ बसली. आजी तर टिटवीचं नावही घेऊ देत नसे, रात्रीची ओरडली की देवापुढे जाऊन बसायची. पूर्वाने 'टिटवी'च्या आधी 'माळ' जोडलं. मिळालं. ईमेलची चौकट तिने रिकामी ठेवली."

हे नाव तिने विचार करून निवडलेलं नाही. हवं ते मिळालं नाही म्हणून दोन अक्षरं जोडली. सदस्यनावं बहुतेकदा अशीच तयार होतात, पहिली पसंती गेलेली असते आणि उरलेल्यातून काहीतरी जुळवावं लागतं. नव्या लेखकाला नायिकेचं नाव अर्थपूर्ण हवं असतं, म्हणून तो तिला फिनिक्स, ज्वाला, रणरागिणी अशी नावं देतो. त्यात लेखकाची निवड दिसते, मुलीची दिसत नाही. अर्थ नंतर यावा, आणि तो तिला अडचणीत आणणारा असावा.

माळटिटवी या नावात अडचण लपलेली आहे. आपल्याकडे सहज दिसणाऱ्या टिटव्या दोन. ताम्रमुखी टिटवीच्या चोचीजवळ लाल गाठ असते. ती शेतात, ओढ्याकाठी, तळ्याकाठी दिसते आणि जरा कुणी जवळ गेलं की आभाळ डोक्यावर घेते. माळटिटवी, म्हणजेच पीतमुखी टिटवी, हा वेगळा पक्षी. तिची गाठ पिवळी, अंगाने ती लहान, आवाजाने मवाळ, आणि राहते कोरड्या उघड्या माळावर. घरटं म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा. उन्हाळ्यात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी तापत नाहीत. पूर्वाला यातलं काही माहीत नाही. तिच्या लेखी माळावरची टिटवी ती माळटिटवी. म्हणजे तिने लेखात घातलेलं वाक्य एका पक्ष्याच्या लेखात दुसऱ्या पक्ष्याबद्दल आहे, आणि तिच्या स्वतःच्या नावातच त्याचं उत्तर आहे.

तिसऱ्या दिवशी तिच्या चर्चापानावर संदेश येतो. लिहिणारा जुना, काटेकोर संपादक आहे.

"नमस्कार माळटिटवी. 'टिटवी' लेखातील आपले वाक्य तूर्त काढले आहे. लेख ताम्रमुखी टिटवीवर आहे, आणि आपण लिहिलेले वर्णन पीतमुखी टिटवीचे वाटते. आपले सदस्यनाव पाहता हा फरक आपल्याला ठाऊक असणारच. कृपया संदर्भ द्यावा, म्हणजे स्वतंत्र लेख करता येईल."

कथेचा खरा आरंभ या संदेशात आहे. 'आपल्याला ठाऊक असणारच' म्हणणारा माणूस प्रामाणिक आहे; त्याने नाव वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. पूर्वाला जाब विचारला गेला आहे, पण विचारला तो माळटिटवीला, आणि मोठ्या आदराने. शाळेत तिला 'आपण' कुणी म्हटलेलं नाही. आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. खातं सोडून द्यायचं, नाहीतर माळटिटवीला जे ठाऊक असायला हवं ते शिकून घ्यायचं. ती दुसरी वाट धरते ती धीर आला म्हणून नव्हे, तर समोरच्याचा समज खोटा ठरू नये म्हणून. बुजऱ्या माणसाला हे कारण पुरतं.

माणूस घेतलेल्या रूपाप्रमाणे वागू लागतो याला प्रयोगाचाही आधार आहे. 2007 मध्ये स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी आभासी जगात काही लोकांना उंच शरीरं दिली, काहींना बुटकी. पैसे वाटून घेण्याच्या खेळात उंच शरीर मिळालेल्यांनी जास्त ठामपणे घासाघीस केली; बुटकं रूप मिळालेले अन्यायाची वाटणी जास्त सहज मान्य करत होते. या परिणामाला त्यांनी ग्रीक पुराणातल्या रूपं बदलणाऱ्या प्रोटियसचं नाव दिलं. कथाकाराने यातून घ्यायचं ते थोडंच. प्रयोगशाळेतला परिणाम काही मिनिटांचा असतो. कथेतली मुलगी महिनोन् महिने त्या नावाने वावरते, तिला चुका होतात, लोक तिच्या चुका लक्षात ठेवतात. तो काळ भरणं हे लेखकाचंच काम.

तो काळ कसा भरायचा? कामांनी. पूर्वा बार्शीला परतल्यावर वाचनालयात मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' मागते. मागायचा म्हणजे बोलावं लागणार. काउंटरवरच्या काकांना ती पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून दाखवते. हा प्रसंग चार ओळींचा असू द्यावा, पण तो हवाच, कारण पडद्यावरच्या नावासाठी तिला पडद्याबाहेर पहिल्यांदा काहीतरी करावं लागलं. मग ती संदर्भ देऊन दोन वाक्यं लिहिते आणि ती टिकतात. विकिपीडियाचा एक नियम इथे कथेच्या कामी येतो. स्वतः पाहिलेलं लेखात चालत नाही, प्रकाशित आधार लागतो. म्हणजे पूर्वाने डोळ्यांनी पाहिलेली चार अंडी लेखात येऊ शकत नाहीत. त्यांच्याबद्दल ती फक्त चर्चापानावर लिहू शकते, तिथे मात्र तिला 'मी' म्हणावं लागेल.

मराठी लेखकाच्या हातात इथे एक असं साधन आहे की त्यासाठी ही कथा मराठीतच लिहावी. 'मी' म्हटलं की आपल्या भाषेत बाई की पुरुष हे क्रियापद सांगून टाकतं, पण प्रत्येक वेळी नाही. 'मी घरटे पाहिले', 'मी पुस्तक वाचले' यात बोलणारी व्यक्ती कळत नाही, कारण क्रियापद घरट्याच्या किंवा पुस्तकाच्या मागे चालतं. 'मी शोधेन' यातही कळत नाही. 'मी लिहीत आहे' यातही नाही. पण 'मी गेले', 'मी बसले', 'मी रोज बघते' म्हटलं की उघड झालं. म्हणजे आपण कोण हे लपवणारी मुलगी मराठीत काय पाहिलं ते सांगू शकते, काय करेन ते सांगू शकते, पण कुठे गेले ते सांगू शकत नाही. तिची भाषा आपोआप कापली जाते. पक्ष्याचं नाव स्त्रीलिंगी असलं तरी त्यावरून माणसाचा पत्ता लागत नाही, तेव्हा तिचं लपणं या क्रियापदांवरच उभं आहे.

पूर्वाचे पहिले संदेश त्यामुळे असे असतील: "घरटे पाहिले. अंडी चार. पुन्हा पाहून कळवण्यात येईल." सरकारी पत्रासारखी ही भाषा पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातून आलेली वाचून वाचकाला तिची कसरत जाणवते. लेखकाने ती समजावून सांगू नये. दोन-तीन संदेश असे येऊ द्यावेत, आणि मग एक वेगळा. संपादकाने विचारलेलं असतं की घरट्याजवळ पाणी किती अंतरावर होतं. त्याचं उत्तर 'पाहिले' या क्रियापदाने देता येत नाही, कारण अंतर चालल्याशिवाय कळत नाही.

"पूर्वाने आधी लिहिलं, पाणी दूर आहे. मग पुसलं. दूर म्हणजे किती, असं ते विचारणारच. तिने लिहिलं: मी काल पुन्हा माळावर गेले होते. घरट्यापासून चालत निघाले, हापशापर्यंत नऊशे पावलं झाली. पक्षी तिथूनच पोट भिजवून येत असावा, मी तसा येताना पाहिला. तिने चार चिन्हं टाकली आणि जतन केलं."

'गेले होते', 'निघाले'. दोन क्रियापदांत ती उघड झाली आणि तिच्या ते लक्षात आलं की नाही हे लेखकाने सांगू नये. संपादकाचं उत्तर काय येतं हेही सुरुवातीत ठेवू नये. त्याने पुढच्या संदेशात तिच्या लिंगाची दखलच न घेता फक्त हापसा कोणत्या बाजूला आहे असं विचारलं, तर कथा एका वाटेने जाईल. त्याचा सूर बदलला, 'आपण'चं 'तू' झालं, तर दुसऱ्या. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. मुलीने घेतलेल्या नावामागे मुलगी आहे हे कळल्यावर तिच्याशी बोलण्याची रीत बदलते, हा अनुभव अनेकींचा आहे, आणि तो कथेत आणायचा तर मधल्या भागात आणावा. सुरुवातीलाच एखादा त्रास देणारा माणूस आणून बसवला की कथा मुलीची उरत नाही, त्या माणसाची होते.

आपली सुरुवात जमली आहे की नाही हे ओळखण्याची एक परीक्षा आहे. खर्डा पुरा झाल्यावर घेतलेलं नाव सगळीकडून काढा आणि दुसरं कोणतंही घाला. माळटिटवीऐवजी phoenix_queen07 घातलं तर वरची कथा कोसळते. संपादकाचा संदेश अर्थहीन होतो, पक्षिकोशाची गरज संपते, माळावर जाण्याचं कारण उरत नाही. पहिल्या फसलेल्या सुरुवातीत मात्र फिनिक्सच्या जागी वाघीण घाला, वीज घाला, काही बिघडत नाही. नाव बदलूनही कथा तशीच उभी राहत असेल तर त्या नावाने कथेत कामच केलेलं नाही.

दुसरी चूक गतीची असते, ती पकडणं जरा कठीण. लेखकाला घाई असते म्हणून मुलगी एका रात्रीत धीट होते. यावर उपाय म्हणून वाढीला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा वेग द्यावा. चर्चापानावर 'मी गेले होते' लिहिणारी पूर्वा त्याच आठवड्यात वाचनालयात अजूनही चिठ्ठीच दाखवत असावी. पडद्यावरची मुलगी पुढे गेलेली आणि काउंटरसमोरची मागे राहिलेली, हे काही दिवस असंच चालतं. दोघींना एकत्र आणण्याची घाई सुरुवातीने करू नये. निकालाचा दिवस, अकरावीचा वर्ग, नवे शिक्षक हे सगळं अजून पुढे आहे.

सुरुवात कुठे थांबवायची याचं उत्तरही नावातूनच मिळतं. पूर्वाने नाव घेतलं तिथे थांबलात तर ती नुसती ओळख झाली. संपादकाचा संदेश आला तिथे थांबलात तर उत्सुकता आहे, पण मुलीने स्वतः काही केलेलं नाही. तिने नऊशे पावलं मोजून आपली सही केली तिथे थांबा. तोपर्यंत तिने नावाची पहिली मागणी पुरी केलेली असते, आणि तिचं सदस्यपान अजून लिहायचं असतं.